कॉलवर आम्ही चौदा जण होतो

प्रश्न: मॅडम, मी एका बँकेच्या पुण्यातल्या शाखेत ऑपरेशन्सला आहे. रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल असतो. आमचा क्लस्टर हेड, म्हणजे काही शाखांवरचा साहेब, सेल्सच्या एका मुलाला गेले तीन महिने सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतोय. अक्कल, शिक्षण, गाव, सगळं काढतो. कॉलवर आम्ही चौदा जण असतो, कुणीच काही बोलत नाही, मीही नाही. मागच्या गुरुवारी कॅमेरा बंद करून तो रडत होता. माझ्या मागच्याच खुर्चीवर बसतो, म्हणून मला कळलं. मध्ये पडणं माझं कर्तव्य होतं का? आणि आता काय करू? डोक्यावर घराचा हप्ता आहे, पगार माझा एकट्याचाच.

उत्तर:

हो, तुमच्यावर जबाबदारी आहे. पण सहा वाजताच्या कॉलवर क्लस्टर हेडला तिथल्या तिथे अडवायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. तुमची जबाबदारी कॉल संपल्यावर सुरू होते आणि ती अजून चालू आहे. म्हणजे तुमच्या हातून वेळ निघून गेलेली नाही.

मी पंधरा वर्षं कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या एचआरमध्ये होते. नंतरची नऊ वर्षं बाहेरची चौकशी अधिकारी म्हणून अंतर्गत चौकशा चालवते. त्या टेबलावर एक गोष्ट इतक्यांदा पाहिली आहे की आता फाइल हातात आली की आधी तीच शोधते. छळ सिद्ध होत नाही, तेव्हा छळणारा फार हुशार होता असं क्वचितच असतं. बहुतेकदा ज्यांच्या डोळ्यांदेखत ते घडलं, त्यांनी ते वेळेवर कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. तक्रार करणारा एकटा पडतो, समोर वीस वर्षांची नोकरी आणि चांगली अप्रेझल्स असलेला साहेब असतो, आणि मला कागदावर 'पुरावा अपुरा' असं लिहावं लागतं.

आधी तुम्ही चौदा जण गप्प का राहता, ते बघू. त्याला सरसकट भित्रेपणा म्हणणं चुकीचं आहे. 1968 साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत एकेकटे बसवलेल्यांपैकी दर चौघांतल्या तिघांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. मग त्याच खोलीत दोन माणसं अशी बसवली, ज्यांना धुराकडे बघून न बघितल्यासारखं करायला सांगितलं होतं. आता दहा विद्यार्थ्यांपैकी एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. विचारल्यावर त्यांनी वाफ असेल, एसीतून काहीतरी येत असेल, अशी कारणं दिली. म्हणजे भीतीच्या आधी त्यांची समजूतच बदलली होती. बाकीचे शांत आहेत, त्याअर्थी हे काही विशेष नसावं.

व्हिडिओ कॉल म्हणजे अशी खोली मुद्दाम बांधावी तशी असते. चौदा चौकटी, तेरा माइक म्यूट, सगळ्यांचे चेहरे एकमेकांना दिसतात आणि प्रत्येकाने चेहरा शक्य तितका कोरा ठेवलेला असतो. तुम्ही त्यांच्याकडे बघून ठरवता की बँकेत हे चालतंच, आणि ते तुमच्याकडे बघून तेच ठरवतात. त्या मुलाला मात्र ते कोरे चेहरे वेगळे दिसतात. माझ्यासमोर जबाब द्यायला बसलेल्या माणसांनी शिव्या आठवून जितके अश्रू ढाळले, त्याहून जास्त या एका वाक्यावर ढाळले: 'मॅडम, कुणीच काही म्हटलं नाही, म्हणजे सगळ्यांना ते पटतच होतं ना?' तुमची भीती त्याला दिसत नाही. त्याला तुमची संमती दिसते.

आता हा छळ आहे की वसुली आणि टार्गेटच्या धंद्यातली नेहमीची कडक भाषा, हा प्रश्न तुम्हाला पुढे विचारला जाणार, म्हणून तो आत्ताच सोडवून ठेवा. साहेब रागावला म्हणजे छळ झाला असं नाही. मी तीन गोष्टी बघते. बोलणं कामावर आहे की माणसावर? 'सात फाइलींपैकी दोनच लॉगिन का झाल्या' हे कामावर आहे. 'तुझ्या गावात असंच शिकवतात का' हे माणसावर आहे. दुसरं, तेवढीच चूक दुसऱ्याने केली तर त्यालाही तेच ऐकावं लागतं का? आणि तिसरं, आकडे सुधारल्यावर बोलणं थांबतं का? चांगल्या आठवड्यातही पाणउतारा चालूच राहिला, तर आकडे हे निमित्त आहे. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान यांनी 1980 च्या दशकात या विषयाचा पाया घातला, तेव्हा त्यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने असं माप धरलं होतं. अभ्यासासाठी ते ठीक आहे. मी सहा महिने थांबायला कुणालाच सांगत नाही. तुमच्याकडे तीन महिने रोजचं चाललंय, आणि 'गाव' हा शब्द तुम्ही स्वतःच लिहिला आहे.

कायदा तुमच्याकडून काय मागतो? साध्या सहकाऱ्याने मध्ये पडलंच पाहिजे, नाही पडला तर शिक्षा, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. कामाच्या जागेवरच्या दादागिरीवर वेगळा कायदाही नाही. पण दोन ठिकाणी चित्र एकदम बदलतं. स्त्रीचा लैंगिक छळ असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागतो. पीडित स्त्री काही कारणाने स्वतः तक्रार करू शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने घटना माहीत असलेली कुणीही व्यक्ती तक्रार देऊ शकते. समिती साक्षीदाराला बोलावू शकते आणि त्याची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दुसरं ठिकाण जातीचं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमानित केलं, तर तो 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि 'लोकांच्या नजरेसमोर' हा त्या गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग आहे. कोण हजर होतं, कुणी काय ऐकलं, यावर अख्खी केस उभी राहते किंवा पडते. म्हणून 'गाव काढतो' म्हणजे नेमकं काय बोलतो, हे आठवून शब्दशः लिहा. पुष्कळदा गावाच्या नावाआड जात असते.

तुमच्या प्रकरणात या दोन्हींपैकी काही नसेल, तर उरते बँकेची आचारसंहिता आणि तुमची सदसद्विवेकबुद्धी. इथे मी एक फरक करते आणि तो ठामपणे करते. त्या चौदा जणांची जबाबदारी सारखी नाही. कॉलवर तुमचा ब्रँच मॅनेजर असणार. त्याच्या माणसाला त्याच्यासमोर तुडवलं जातंय आणि त्याच्याकडे पद आहे. त्याने बोलायलाच हवं होतं, निदान त्याच संध्याकाळी क्लस्टर हेडला स्वतंत्र फोन करून. एचआरचं कुणी कॉलवर असेल, तर त्याने ऐकलं म्हणजे संस्थेला कळलं, असा अर्थ होतो. 'आमच्याकडे तक्रार आलीच नाही' हे त्याला नंतर म्हणता येणार नाही. तुमच्याकडे पद नाही, हप्ता आहे, पण माहिती आहे, आणि ती त्या दोघांपेक्षा जास्त आहे, कारण कॅमेरा बंद झाल्यानंतरचं फक्त तुम्ही पाहिलंत. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने थांबवायचं असतं. ज्याच्या हातात फक्त पाहिलेलं आहे, त्याने ते हरवू द्यायचं नसतं. तुमचं कर्तव्य मी इतकंच धरते, पण हे इतकंसुद्धा फार कमी लोक करतात.

ते कसं करायचं नाही, हे एका जुन्या चौकशीवरून सांगते. चाकणजवळचा सुट्या भागांचा कारखाना. एक फोरमन आणि त्याच्या हाताखालचा पदविका झालेला तरुण इंजिनियर. फोरमन त्याला शॉपफ्लोअरवर सगळ्यांसमोर कान धरून उभा करायचा. मुलाने शेवटी तक्रार दिली आणि पाच सहकारी साक्षीला पुढे आले. मला फार बरं वाटलं, कारण पाच ही मोठी संख्या असते. पाचही जबाब टाइप केलेले होते. वाचायला घेतले तर पाचही शब्दशः एकच, 'अपमानास्पद' या शब्दातली चूकसुद्धा पाचही कागदांवर तीच. चांगल्या मनाने, एकमेकांना धीर द्यायला, त्यांनी एकत्र बसून एक मजकूर केला होता आणि खाली आपापली सही केली होती. बचाव प्रतिनिधी मुरलेला माणूस. त्याने छळाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. प्रत्येकाला एवढंच विचारलं, 'त्या दिवशी तुम्ही कोणत्या मशीनवर होता?' तिसऱ्या साक्षीदाराने मशीनचा नंबर सांगितला. प्रतिनिधीने मस्टर पुढे ठेवलं. त्या तारखेला त्याची साप्ताहिक सुट्टी होती. त्याने फोरमनला इतर वीस दिवशी तेच करताना पाहिलं होतं, हे खरंच होतं. पण लिहिली होती ती तारीख खोटी ठरली, आणि एक खोटा ठरल्यावर बाकीच्या चौघांचे तेच शब्द कशाला धरून राहणार? आरोप सिद्ध झाला नाही. तो निष्कर्ष मी माझ्या हाताने लिहिला आणि आजही तो मला बोचतो. पुढे काही महिन्यांनी कळलं की स्टोअरकीपरच्या खिशातल्या डायरीत, मालाच्या नोंदींच्या मधे, चार तारखा आणि प्रत्येकीपुढे एकेक ओळ होती. त्याला कुणी विचारलं नाही आणि तोही आपणहून आला नाही.

त्या चार ओळी पुरल्या असत्या. अंतर्गत चौकशी ही फौजदारी खटल्यासारखी चालत नाही. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, झालं असण्याची शक्यता जास्त दिसते का, एवढं बघतात. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. विनातिकीट प्रवासी सापडले होते, पण चौकशीत त्या प्रवाशांपैकी एकालाही साक्षीला बोलावलं नव्हतं. तपासणी पथकाच्या इन्स्पेक्टरचं म्हणणं विश्वासार्ह होतं, तेवढ्यावर कारवाई टिकली. म्हणून 'बाकीचे तेरा बोलणार नाहीत, मग माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार' हा विचार मनातून काढून टाका. एक माणूस, स्वतः पाहिलेलं, त्याच दिवशी लिहिलेलं, इतकं वजनदार असतं.

तर आज रात्री घरी गेल्यावर एक साधी वही घ्या, ऑफिसचा लॅपटॉप नको. मागच्या गुरुवारपासून उलट्या क्रमाने, जेवढं पक्कं आठवतं तेवढंच लिहा. नोंद साधारण अशी असावी: 'गुरुवार, अमुक तारीख. कॉल 6.05 ला सुरू. साधारण 6.20 ला क्लस्टर हेड म्हणाले, "..." हे शब्द मी ऐकले. त्यानंतर साधारण दोन मिनिटं बोलत होते, बाकीचं नीट आठवत नाही. ब्रँच मॅनेजर कॉलवर होते. 6.30 च्या सुमारास तो कॅमेरा बंद करून बसला, रुमालाने डोळे पुसत होता, मी मागे वळून पाहिलं. ही नोंद अमुक तारखेला लिहिली.' यात 'छळ', 'अत्याचार', 'मानसिक खच्चीकरण' असे शब्द नकोत. ते ठरवणं चौकशी करणाऱ्याचं काम आहे. 'नीट आठवत नाही' हे मात्र जिथे खरं असेल तिथे लिहाच. माझ्या अनुभवात त्या तीन शब्दांनी साक्षीदारावरचा विश्वास वाढतो, कारण रचून आणलेल्या जबाबात ते कधीच नसतात. इथून पुढे प्रत्येक प्रसंगाची नोंद त्याच दिवशी करा.

कॉलचं रेकॉर्डिंग होत असेल तर कोणत्या तारखेचं आहे, तेवढं वहीत लिहा. ते स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, फोनवर उतरवून घेऊ नका. बँकेत माहिती बाहेर नेणं हाच वेगळा ठपका होतो, आणि मी असे साक्षीदार पाहिले आहेत जे साक्ष द्यायला आले आणि स्वतःच आरोपपत्र घेऊन गेले. तक्रार झाली की पहिल्याच पत्रात तारखा देऊन 'ही रेकॉर्डिंग जपून ठेवावीत' अशी लेखी मागणी करायची. लवकर करायची, कारण पुष्कळ ठिकाणी ती ठराविक दिवसांनी आपोआप पुसली जातात.

त्यानंतर, आणि वहीइतकंच महत्त्वाचं, त्या मुलाशी बोला. ऑफिसात नको. चहाच्या टपरीवर, किंवा घरी जाताना. 'तू मनावर घेऊ नकोस, सर तसेच आहेत' हे वाक्य कृपा करून बोलू नका. धीर द्यायच्या हेतूने म्हटलं, तरी त्याला ऐकू येतं की चूक त्याच्या मनाला लावून घेण्यात आहे. एवढंच सांगा: 'गुरुवारच्या कॉलवर मी होतो. ते जे बोलले ते चुकीचं होतं. तेव्हा बोललो नाही, त्याचं मला वाईट वाटतंय. तू काही करायचं ठरवलंस तर मी जे ऐकलं ते सांगेन.' आणि थांबा. पुढे काय करायचं ते त्याला ठरवू द्या. कदाचित तो दुसरीकडे नोकरी शोधत असेल आणि त्याला अनुभवपत्र बिनबोभाट हवं असेल. त्याच्या नकळत तुम्ही तक्रार ठोकलीत तर क्लस्टर हेड आधी त्यालाच बोलावणार, आणि भेदरलेला मुलगा 'असं काही नाही सर' म्हणून सही करून मोकळा होणार. त्या एका सहीने पुढची प्रत्येक तक्रार मेलेली असते. म्हणून त्याच्या होकाराशिवाय औपचारिक पाऊल टाकू नका.

याला एक अपवाद आहे. जगण्यात अर्थ नाही, सगळं संपवावंसं वाटतं, असं काही तो बोलला, आवराआवरीची भाषा करू लागला, तर परवानगीची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्या घरच्या माणसाला त्याच दिवशी कळवायचं. 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, तो त्याच्यासोबत बसून लावता येतो.

तो हो म्हणाला, तर तक्रार त्याची आणि साक्ष तुमची, अशी दोन वेगळी कागदपत्रं करा. त्याचा कागद तुम्ही लिहून देऊ नका, चाकणचं आठवा. ब्रँच मॅनेजरमार्फत जायचं की थेट एचआरकडे, हे क्लस्टर हेडची आणि त्याची किती जवळीक आहे त्यावर ठरवा. तिसरी वाटही आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांसाठी दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, ठेवावीच लागते, आणि ती वापरणाऱ्याचा सूड घेतला जाऊ नये यासाठी संरक्षण द्यावं लागतं. अपवादात्मक प्रकरणात लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. तुमची बँक नोंदलेली असेल तर या यंत्रणेचे नियम तिच्या वेबसाइटवर व्हिसलब्लोअर धोरण या नावाने सापडतील. त्यात 'आचारसंहितेचा भंग' धरला आहे का आणि साक्षीदाराचा उल्लेख आहे का, हे आधी वाचा. काही ठिकाणी ते धोरण फक्त पैशांच्या गैरव्यवहारापुरतं असतं, मग तिथून अर्ज परत येतो आणि मधले पंधरा दिवस वाया जातात.

सूड घेतला जाणार नाही, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो उघड क्वचितच येतो. बदली, कठीण शाखा, अप्रेझलमध्ये एक दर्जा खाली, रजा नाकारणं, अशा वाटांनी येतो. 2019 चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 190 क्रमांकाचा करार साक्षीदारांनाही संरक्षण द्या म्हणतो, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. तेव्हा स्वतःची तटबंदी स्वतः करा. साक्ष देण्याआधी तुमची मागच्या दोन-तीन वर्षांची अप्रेझल पत्रं घरी कागदावर असू द्या, तुमची स्वतःची पत्रं ठेवण्यात काही गैर नाही. साक्षीनंतर काही उलटंसुलटं झालं तर फरक तारखांवरून दिसतो. आणि तुमच्या पत्नीला हे सगळं आधी सांगा. हप्त्याचा धोका दोघांचा आहे, तर निर्णयही दोघांचा असावा.

राहिला रोजचा सहाचा कॉल. तो उद्याही असेल. तिथे तुम्ही भांडण करावं असं मला वाटत नाही, पण धूर भरलेल्या खोलीत एक माणूस उठला की बाकीच्यांची समजूतही हलते. क्लस्टर हेड सुरू झाला की म्यूट काढून शांतपणे म्हणा, 'सर, त्या फाइलींचे डॉक्युमेंट ऑपरेशन्सकडे अडकलेत, मी आणि तो बसून उद्या सकाळी स्टेटस पाठवतो.' अर्थात ते खरं असेल तरच, नाहीतर 'सर, हे ऑफलाइन घेऊ या, पुढच्या शाखेचे आकडे तयार आहेत' एवढंही चालेल. आवाज चढवायचा नाही, बाजू घेतो आहोत असं दाखवायचं नाही. बोलण्याचा ओघ तुटतो, आणि त्या मुलाला चौदा चौकटींपैकी एक हिरवी झालेली दिसते.

त्याने टपरीवर 'नको दादा, राहू दे' म्हटलं, तर मान ठेवा. वही मात्र बंद करू नका. मार्च संपून अप्रेझल हातात पडल्यावर त्याला पुन्हा एकदा विचारा. अनेक जण दुसऱ्या वेळी हो म्हणतात, आणि तेव्हा तुमच्याकडे तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांच्या तारखा असतील.